मावंद्याला वाढायला मी येणार

काका, काकू, परवा निघताय म्हणून नमस्काराला आलो. तुमचा लेक आत बॅगा भरतोय, तोवर तुमच्याशी थोडं बोलतो. त्याच्यासमोर तुम्ही माझं ऐकून घ्याल आणि हसण्यावारी न्याल.

तुम्हाला केदारनाथाला न्यायचं, हे तो पहिला पगार झाल्यापासून घोकतोय. त्यामुळे मला तिथल्या चढापेक्षा तुमच्या भिडेची धास्ती जास्त वाटते.

आमच्या बाबांचंच बघा ना. गौरीकुंड साधारण दोन हजार मीटरवर, केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर, आणि मधली सोळा-एक किलोमीटरची वाट लोक एका दिवसात चढतात. बाबा घोड्यावरून गेले. घोड्यामुळे गुडघे वाचले, पण वरची विरळ हवा घोड्यावरच्यालाही तीच. (हेलिकॉप्टरवाल्यांचं तर आणखी अवघड, शरीराला सवय व्हायला वेळच नाही.) रात्री बाबा म्हणाले, "दमलोय, जेवण नको." डोकं दुपारपासून ठणकत होतं, मळमळत होतं, पण माझा हिरमोड होईल म्हणून गप्प राहिले. पहाटे दर्शनाला उठले तर पाय वाकडेतिकडे पडायला लागले. तिथल्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं आणि बजावलं, लगेच खाली न्या. डंडीवाल्या चौघांनी त्यांना उतरवलं. दुसऱ्या दिवशी गुप्तकाशीत त्यांनी स्वतःहून वरणभात मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दर्शन मात्र राहिलं.

म्हणून सांगतो, वर डोकं दुखलं आणि अन्नावरची वासना गेली, तर ती दमणूक म्हणून सोडून देऊ नका. त्याच घटकेला लेकाला सांगा आणि पुढे चढू नका. विश्रांतीनं उतार पडला नाही तर खाली यायचं. तोल जायला लागला, बसल्याजागी धाप लागली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर दर्शनाची रांग सोडून डॉक्टर गाठायचा आणि उतरायला लागायचं.

जाताना गुप्तकाशीत एक मुक्काम आणि गौरीकुंडाशी एक, असं त्याला मी ठरवायला लावलंय. उगीच दिवस वाया घालवतोय म्हणून काका, त्याच्यावर रागावू नका. तुमच्या बीपीच्या गोळ्या घोड्यावरच्या सामानात नकोत, कमरेच्या पिशवीत ठेवा. आणि निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

काकू, तो तुमच्याहून जास्त घाबरलाय, चेहऱ्यावर दिसत नाही इतकंच. वाटेत त्यालाही विचारा, "तुझं डोकं दुखतंय का रे?" तरण्याताठ्यांनाही हवा लागते.

सुखरूप जाऊन या. मावंद्याचं पुरण तुमच्या हातचं, वाढायला मी.