कोऱ्या प्लेटची साक्ष

लोणार सरोवराचे पाणी प्लेटवर पसरले आणि काहीच उगवले नाही, तर पाण्यात जिवाणू नाहीत असे मी म्हणणार नाही. आधी विचारीन, ही प्लेट जिवाणू वाढवू शकत होती का? जून २०२०मध्ये हे पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे खारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. म्हणजे पाण्यात सूक्ष्मजीव आहेतच, पण या पाण्याचा सामू साडेनऊ-दहाच्या आसपास असतो. इथले सूक्ष्मजीव नेहमीच्या माध्यमात नीट वाढत नाहीत, म्हणून त्यात सोडियम कार्बोनेट घालतात, आणि चूक नेमकी इथेच होते. कार्बोनेट, ग्लुकोज आणि पेप्टोन एकत्रच ऑटोक्लेव्हमध्ये घातले, तर अल्कधर्मी उष्णतेत साखर प्रथिनांशी संयोग पावून तपकिरी होते, अन्न घटते आणि सामूही उतरतो. म्हणून कार्बोनेटचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून, माध्यम थोडे निवल्यावर मिसळावे. १२१ अंशांवर १५ मिनिटे पुरतात. "जास्त तापवले तर जास्त सुरक्षित" हा समज माध्यमच बिघडवतो. घट्ट झालेल्या अगारचा सामू पुन्हा तपासावा आणि रंग गडद दिसला तर ती खेप वापरू नये.

कंपनीचे प्रमाणपत्र आहे, मग आपण कशाला तपासायचे, असे कोणी म्हणेल. ते प्रमाणपत्र भुकटीचे असते, आपल्या ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या प्लेटचे नव्हे. म्हणून अल्कधर्मी माध्यमात वाढणारा ओळखीचा जिवाणू प्लेटवर पसरावा, पण सुमारे शंभरच पेशी. दाट रेघोटी निकृष्ट माध्यमावरही हिरवळीसारखी उगवते आणि आपण फसतो. समजा, आधीच्या खात्रीच्या खेपेवर ८० वसाहती आल्या आणि नव्या खेपेवर ३०. निम्म्यापेक्षा कमी, म्हणून खेप नाकारायची. तीच खेप वापरून सरोवरात जिवाणू विरळ आहेत असे लिहिले, तर ते निरीक्षण सरोवराचे नसून माध्यमाचे ठरेल.

निर्जंतुकतेची बाजू उलटी आहे. चाळीस प्लेटांपैकी दोन कोऱ्याच ठेवाव्यात, नमुन्याच्याच तापमानाला आणि तेवढेच दिवस. नमुना सात दिवस ठेवायचा आणि कोरी प्लेट दोन दिवसांतच काढायची, तर तिसऱ्या दिवशी उगवलेली वसाहत पाण्यातली की माध्यमातली, हे सांगता येणार नाही. प्लेटा वाया जातात ही तक्रार खरी आहे, पण दोन प्लेटा वाचवून अडतीस संशयास्पद करणे परवडत नाही. मुदत संपलेल्या प्लेटांची गोष्ट जरा वेगळी. त्या स्वच्छ दिसतात, कोऱ्याही राहतात. पण पाणी उडून क्षार दाट होतात, अगार कडेने सुटतो आणि कार्बोनेट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे सामू खाली येतो. अशी प्लेट निर्जंतुकतेची परीक्षा उत्तम पास होते, आणि नाजूक जिवाणू तिच्यावर उगवतच नाहीत.

लोणारचे पाणी तपासणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: वहीत "वाढ नाही" लिहिण्याआधी त्याच ओळीत त्या खेपेवर ओळखीच्या जिवाणूच्या किती वसाहती आल्या, तो आकडा लिहा.