मातृभाषेचा रकाना

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं एटापल्ली तालुक्यात गेली, मग धानोरा, आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात मूलकडे. माझं गाव ब्रह्मपुरीजवळचं, सासुरवाडी सिरोंच्याची. मातृभाषा, प्रथम भाषा, आपली भाषा, घरची भाषा हे शब्द डी.एड.च्या पुस्तकात एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरलेले असत आणि मीही तसेच वापरायचो. ते एक नाहीत हे मला हळूहळू कळलं. कसं, ते लिहून ठेवतो.

१. रजिस्टरमधली मातृभाषा कुणीतरी न विचारता भरलेली असते.

पहिल्या शाळेत रुजू झालो तेव्हा दाखलखारीज रजिस्टर ताब्यात घेतलं. त्यात ‘मातृभाषा’ असा रकाना आहे आणि हीच नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. पानाच्या वर ‘मराठी’ लिहिलेलं आणि खाली शेवटपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन टिंबांच्या खुणा. त्याच दिवशी पहिलीच्या पोरांना म्हटलं, “चला, पाणी पिऊन या.” कुणी हललं नाही. मी पुन्हा जरा मोठ्याने म्हटलं, तर पोरं घाबरून भिंतीला टेकली. चौथीतली एक मुलगी दारातून नुसतं “एर” म्हणाली आणि सगळी हातपंपाकडे पळाली.

माझ्या आधीच्या मास्तरांवर मी मनातल्या मनात चिडलो. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, त्यांनी शाळेचं माध्यम लिहिलं होतं. पालक अंगठा लावून जात, रकाना मास्तर भरे आणि मास्तरला जी भाषा वाचता-लिहिता येई तीच पोराच्या आईची ठरे.

२. आई, घर आणि बाप तीन वेगवेगळी उत्तरं देतात.

२०११ च्या जनगणनेत फेब्रुवारीत मी प्रगणक होतो, धानोरा तालुक्यात. पत्रकात दहावा प्रश्न मातृभाषेचा आणि अकरावा येत असलेल्या इतर दोन भाषांचा. प्रशिक्षणात व्याख्या पाठ करून घेतली होती: लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आई तान्हेपणीच वारली असेल तर त्या वेळी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. जमातीवरून भाषा गृहीत धरायची नाही, हेही बजावलेलं.

एका घरात ही व्याख्या चांगलीच घोळात आली. घरधनी गोंडी बोलणारा. पहिली बायकोही गोंडी बोलणारी, पण थोरला मुलगा अंगावर पीत असतानाच ती गेली. दुसरी बायको राजनांदगावकडची, छत्तीसगढी बोलणारी, तिला दोन मुली. म्हातारी आजी फक्त गोंडी जाणणारी. थोरला पहिलीपासून आश्रमशाळेत, त्या वेळी नववीला, आणि त्याला सगळ्यात सफाईने येत होती ती मराठी. चुलीजवळ छत्तीसगढी, ओट्यावर आजीशी गोंडी.

नियमाने पाहा. थोरल्याची आई नाही, म्हणून तेव्हाच्या घराची भाषा: गोंडी. मुलींची आई छत्तीसगढी बोलते, म्हणून मुलींची मातृभाषा छत्तीसगढी. म्हणजे एका बापाची, एका छपराखालची भावंडं आणि मातृभाषा दोन. मी हे समजावून सांगितल्यावर घरधनी हसला आणि म्हणाला, “लेकरं माही आहेत ना गुरुजी? मंग सबनची गोंडीच लिवा.” माहिती देणारा सांगेल ते नाव लिहायचं, वाद घालायचा नाही, हेही नियमातच होतं. मी तिघांपुढे गोंडी लिहिलं आणि मुलींची छत्तीसगढी अकराव्या प्रश्नात गेली. त्यांची आई बाजूला मोह निवडत बसली होती. तिला कुणीच काही विचारलं नाही, मीही नाही.

त्या दोन मुलींपुढे मी छत्तीसगढी लिहिलं असतं, तरी छापील तक्त्यात त्यांची मोजणी हिंदीच्या गटातच झाली असती, कारण जनगणना छत्तीसगढी हिंदीखाली घालते. लोकांनी त्या वर्षी मातृभाषेची एकोणीस हजारांवर नावं सांगितली होती. छाननी आणि गटवारीनंतर मातृभाषा उरल्या १३६९. मोजणी म्हणून ते ठीक असेल, पण त्या तक्त्यावरून कुठल्या घरात काय बोलतात हे सांगू नये.

३. ‘आमची भाषा’ बोलता आलीच पाहिजे असं नाही.

चिमूरकडे एका म्हाताऱ्या गोंड गृहस्थाने मला ठासून सांगितलं, “आमची भाषा गोंडी.” मी उत्साहाने मला येत होती ती दोन-चार वाक्यं टाकली. त्याला एकही कळलं नाही. त्याच्या आजोबांनाही येत नव्हती, म्हणाला. त्याची आई मराठीत बोलली, तो मराठीत वाढला, घर मराठी. तरी तो खोटं बोलत नव्हता. इंग्रजीत ज्याला नेटिव्ह म्हणतात तो शब्द कुळाशी आणि हक्काशी बांधलेला असतो, जिभेशी बांधलेला असेलच असं नाही. असा माणूस भेटला की दोन प्रश्न वेगळे विचारावेत: तुमची भाषा कोणती, आणि तुम्ही बोलता कोणती.

४. ‘प्रथम भाषा’ या दोन शब्दांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं.

भाषा शिकवणाऱ्यांच्या लेखी प्रथम भाषा म्हणजे मूल जी आधी शिकलं ती. शाळेच्या वेळापत्रकात मात्र प्रथम भाषा म्हणजे विषयाचा क्रमांक. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या मुलाला ‘बालभारती’ मिळते, पुढे ‘कुमारभारती’. ती प्रथम भाषेची पुस्तकं. इतर माध्यमांच्या मुलांना मराठी शिकायची तर ‘सुलभभारती’, कारण त्यांना मराठी नवी आहे हे धरून ती बेतलेली असते. आता एटापल्लीतलं माडिया पोर बघा. मराठी त्याला अगदी नवी. पण त्याच्या गावात शाळा एकच, तीही मराठी माध्यमाची, म्हणून त्याच्या हातात बालभारती. नागपुरातल्या इंग्रजी शाळेतलं मराठी घरचं मूल सोप्या पुस्तकातून मराठी शिकतं आणि ज्याला ‘पाणी’ हा शब्द कळत नाही ते अवघड पुस्तकातून. माध्यम पाहून पुस्तक ठरतं, आणि माध्यम म्हणजेच मुलाची पहिली भाषा असं मुकाट धरलेलं असतं.

याचा परिणाम लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. तिसरीपर्यंत ही पोरं धडा खडखडीत वाचायची. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जात. मला शंका आली ती एका मुलाने ‘विहीर’ शब्द असलेला धडा न अडखळता वाचला आणि विहीर कुठे आहे विचारल्यावर पुस्तकातल्या झाडावर बोट ठेवलं तेव्हा. त्यानंतर मी एक चाचणी धरली. पुस्तक मिटायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडाने फक्त सांगायचं: दगड पाटीखाली ठेव, आता पाटीमागे ठेव. हात मोकळे असले की मास्तर नकळत दाखवतो आणि मूल हाताकडे बघून बरोबर करतं. हात बांधल्यावर ‘खाली’ आणि ‘मागे’ किती जणांना खरंच कळतं ते समजतं. वाचनात पुढे असलेली दोन मुलं यात पार अडकली.

दुसरी खूण चुकांमध्ये सापडते. पोरं म्हणायची, “बाबा आला”, पण “आई आलं, शेळी आलं, पाऊस आलं.” आईला नपुंसकलिंगी बोलतात म्हणून एक सहकारी रागवायचे, उद्धट समजायचे. मी घरी हे गंमत म्हणून सांगितलं तर बायको हसली नाही. म्हणाली, “चुकलं काय त्यात? तेलुगूत आम्हीही तसंच बोलतो.” तो आला की ‘वच्चाडु’, ती आली, शेळी आली, पाऊस आला की एकच ‘वच्चिंदि’. गोंडी-माडियातही पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे: तो आला ‘वातोर’, ती किंवा ते आलं ‘वाता’. पोरं आपल्या पहिल्या भाषेचा नियम चोख पाळत होती, फक्त मराठी शब्दांवर. ज्याची पहिली भाषा मराठी तो अशी चूक करत नाही. तो ‘न्हाई’ म्हणेल, ‘पानी’ म्हणेल, पण पावसाचं लिंग चुकवणार नाही. म्हणून उच्चाराच्या चुका आणि अशा चुका मी वेगळ्या वहीत लिहू लागलो. पहिल्या प्रकारच्या आपोआप जातात. दुसऱ्या प्रकारची चूक दिसली की त्या मुलाला मराठी परकी भाषा म्हणून शिकवायची, पुस्तकावर काही का छापलेलं असेना.

५. घरची भाषा विचारताना ‘कोणाशी’ हे विचारावं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा असे चार शब्द तिरक्या रेघा देऊन ओळीने ठेवले आहेत, जणू कोणताही उचलला तरी चालेल. गडचिरोलीत चारही वेगळ्या निघू शकतात. मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावं आहेत. तिथे घरी पूर्वेकडची बंगाली, पुस्तकात प्रमाण बंगाली, बाजारात मराठी-हिंदी. ‘घरी काय बोलता’ विचारलं की उत्तर एका शब्दात येतं आणि ते निरुपयोगी असतं. आजी गोष्ट कशात सांगते, आई रागावते कशात, भावाशी भांडतोस कशात, हे तीन प्रश्न मला पुरले.

६. स्वतःचं घर शेवटी तपासलं.

माझी आई काळ्याला ‘कारं’ म्हणायची, डोळ्याला ‘डोरा’. ती बोलायची ती झाडीबोली, पण दाखल्यावर मी मराठी; त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार झाली ती गेल्या वर्षी. पुण्याहून मुलीचा फोन आला. नातवाच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म समोर होता. “बाबा, मातृभाषा काय लिहू?” मी व्याख्या सांगायला लागलो, की आई लहानपणी मुलाशी ज्या भाषेत बोलते ती. ती म्हणाली, “मग माझी मराठी कशी? माझ्या दाखल्यावर मराठी कोणी लिहिलं?”

मी लिहिलं होतं. तिला शाळेत घातलं तेव्हा रजिस्टर माझ्याच हातात होतं. तीन वर्षांची होईपर्यंत तिच्या आईने तिच्याशी तेलुगूशिवाय एक शब्द बोलला नव्हता, आणि त्या वेळी तिची आई त्याच खोलीत उभी होती. मी वर बघितलंही नव्हतं. मी टिंबं टाकली होती.

फोन मी बायकोकडे दिला. ती वांगी चिरत होती. कानाला खांद्याने फोन दाबून बोलत राहिली. पुढचं सगळं तेलुगूत झालं. मला त्यातलं निम्मं कळलं, आणि नातवाच्या फॉर्मवर अखेर काय लिहिलं ते मी विचारलं नाही.