मित्राचा लांबलचक मेसेज कसा वाचावा

समजा, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडहून बालमित्राचा मेसेज येतो: 'तुह्या काकाले अकोटच्या दवाखान्यात म्याच नेलं. गाडीचे पैसे माह्या खिशातून गेले. तू साधा फोनबी नाही केला. तुह्या लग्नातबी मले कोनं विचारलं नव्हतं. इथं गंजीले पानी लागलं, सोयाबीनले कोंब फुटले, व्यापारी भाव पाडून मांगते. तुम्ही पुन्यावाले सारे सारखेच.'

लगेच उत्तर देऊ नका. पहिल्यांदा वाचताना मन शेवटच्या बोचऱ्या ओळीवर अडकतं आणि भांडणही तिच्यावरूनच पेटतं. आधी मेसेज वहीत उतरवा, एका ओळीवर एकच वाक्य. प्रत्येकापुढे लिहा: हे कुणी केलं, आणि मला आज त्यात काही करता येईल का?

गाडीचे पैसे आणि न केलेला फोन ही रास्त तक्रार. घटना ताजी आहे, चूक तुमची आहे आणि भरपाई शक्य आहे. लग्नातला अपमान हा जुना सल. आज तो निस्तरता येत नाही. गंजी आणि व्यापारी यांत तुमचा हात नाही. तो त्याचा वैताग आहे, तुम्ही जवळचे म्हणून तुमच्यापाशी निघालेला.

'सारे सारखेच' ही ओळ मात्र फसवी आहे. ती वैतागात टाकावीशी वाटते, पण तिचं मूळ त्या न केलेल्या फोनात आहे. 'नेहमी', 'कधीच', 'सारे' असे शब्द दिसले की त्याआधीच्या दोन-तीन ओळींत खरी घटना शोधा; बहुधा ती तिथेच सापडते.

उत्तर रास्त तक्रारीपासून सुरू करा आणि शक्यतो फोनवरच द्या. 'गाडीचे किती झाले सांग, आत्ताच पाठवतो. फोन करायलाच हवा होता, चुकलंच माझं.' एवढ्यावर थांबा. ऑफिसच्या कामाचं कारण जोडलं की माफी पातळ होते. लग्नाचा विषय टाळू नका, पण त्याचा खुलासाही लिहून पाठवू नका. 'ते तुझ्या मनात राहिलं हे मला माहीत नव्हतं, दिवाळीत आलो की बसून बोलू' असं सांगा, आणि गेल्यावर विषय तुम्हीच काढा. सोयाबीनबद्दल सल्ला नको. किती पोती भिजली, घरी काय चाललंय, एवढं विचारा आणि ऐका.

'आता जगून काय फायदा' अशी ओळ आली तर वही बाजूला ठेवा. तो वैताग समजून सोडू नका. त्याच क्षणी फोन करा, सरळ विचारा, गावातल्या कुणाला तरी त्याच्याजवळ बसवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पुढच्या मेसेजात गंजीची ओळ गेली आणि लग्नाची परत आली, तर तिला तुम्ही जुनं समजून चुकलात. त्याच्यासाठी ती अजून चालू तक्रार आहे. दिवाळीची वाट न बघता त्या रविवारीच फोन लावा.