एकदम सहा महिन्यांचे खोके घ्यावेत का?

प्रश्न : आमची खारी-टोस्टची बेकरी आहे. माल बाहेर पाठवायला वर्षाला साधारण १२,००० पुठ्ठ्याचे खोके लागतात. एक ३० रुपयांना पडतो. खोकेवाला म्हणतो, "सहा महिन्यांचे ६,००० एकदम उचला, नगामागे ५० पैसे सोडतो." घ्यावेत का? आणि पुढची ऑर्डर नेमकी कधी द्यायची? – एक बेकरीचालक, सांगली

उत्तर : खोकेवाल्याची सूट वर्षाला ६,००० रुपयांची आहे. ती खरी आहे, पण तिच्या बदल्यात तुम्ही काय देता ते तुमच्या पत्रात नाही. त्यासाठी दोन आकडे लागतात. ते मी अंदाजाने धरतो, तुम्ही तुमच्या वहीतले घाला.

पहिला, दर ऑर्डरीमागचा खर्च. टेम्पोचं भाडं, हमाली, माल मोजून-तपासून लावायला लागणारी जास्तीची मजुरी. हा १,००० रुपये धरू. महिन्याच्या पगारावरच्या माणसाचा पगार यात घालू नका. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून तो कमी होत नाही.

दुसरा, एक खोका वर्षभर पडून राहण्याचा खर्च. अडकलेल्या पैशावरचं व्याज १२ टक्के, आणि जागा, ओल, उंदीर-झुरळं यांपोटी आणखी ८ टक्के. म्हणजे किमतीच्या २० टक्के, खोक्यामागे ६ रुपये.

आता दर महिन्याला १,००० खोके मागवले, तर बारा ऑर्डरींचे १२,००० रुपये होतात. गोदामात सरासरी ५०० खोके राहतात (भरलेलं गोदाम हळूहळू रिकामं होतं, म्हणून निम्मे), त्यांचे ३,०००. एकूण १५,०००. उलट ६,००० एकदम घेतले तर ऑर्डरींचे फक्त २,०००, पण सरासरी ३,००० खोके पडून राहतात, त्यांचे १८,०००. एकूण २०,०००. एक खर्च उतरतो तेव्हा दुसरा चढतो, आणि जिथे दोन्ही सारखे होतात तिथे बेरीज सर्वांत कमी असते. तो आकडा काढण्याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली मांडलं : वर्षाची गरज गुणिले दर ऑर्डरीचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एका नगाचा साठवणखर्च, आणि आलेल्या संख्येचं वर्गमूळ. तुमच्या बाबतीत ते बरोबर २,००० येतं. वर्षाला सहा ऑर्डरी, त्यांचे ६,००० आणि साठवणीचे ६,०००, एकूण १२,०००. हीच इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी.

या आकड्याला फार चिकटू नका. १,५०० मागवले तर १२,५०० खर्च येतो, ३,००० मागवले तर १३,०००. टेम्पो २,४०० खोक्यांनी पूर्ण भरत असेल तर खुशाल तेवढे घ्या.

सूट धरली की ६,००० खोक्यांचा खर्च असा : खोका साडेएकोणतीसला पडल्याने साठवण थोडी उतरून १७,७००, ऑर्डरींचे २,०००, त्यातून सुटीचे ६,००० वजा. उरतात १३,७००. म्हणजे २,००० घेण्यापेक्षा १,७०० रुपये महाग. पण हा निकाल त्या २० टक्क्यांवर उभा आहे. तुमचं गोदाम स्वतःचं, कोरडं आणि एरवी रिकामंच असेल, तर खरा खर्च जवळपास व्याजाएवढाच, १२ टक्के. मग सुटीसह ६,००० खोक्यांचा खर्च सुमारे ६,६०० पडतो आणि सुटीशिवाय सर्वांत किफायतशीर ऑर्डरीचा सुमारे ९,३००. तेव्हा सूट घ्यायलाच हवी. पारडं १७ टक्क्यांच्या आसपास फिरतं. म्हणून गेल्या पावसाळ्यात किती खोके मऊ पडून टाकून द्यावे लागले, ते आधी मोजा. पैसे उसने घेऊन माल उचलणार असाल, तर त्या कर्जाचा खरा दर धरा.

कधी मागवायचं, हा वेगळा हिशेब आहे. त्याचा २,००० शी संबंध नाही. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोज ४० खोके लागतात. माल यायला कामाचे १० दिवस लागत असतील, तर त्या काळात ४०० संपतात. पण खोकेवाला कधी १५ दिवसही लावतो आणि खप कधी ५० वर जातो, असं धरलं तर ७५० लागतील. म्हणून साठा ७५० वर आला की ऑर्डर द्या. हीच रिऑर्डर लेव्हल. त्यातले ३५० ही राखीव शिल्लक. ती सांभाळायला वर्षाला २,१०० रुपये पडतात. खोक्याअभावी भाजलेला माल एक दिवस अडला तर काय नुकसान होतं, त्याच्याशी ते ताडून पाहा. रजिस्टर ठेवणं जमत नसेल तर ७५० खोके वेगळे बांधून त्यांवर लाल चिठ्ठी लावा. त्यांची दोरी सोडायची वेळ आली की त्याच दिवशी फोन करायचा. आधीची ऑर्डर वाटेत असेल तर तेही खोके साठ्यात धरा, नाहीतर दुप्पट माल येऊन पडेल.

हे सगळं खप वर्षभर सारखा असल्याचं धरून आहे. गणपती ते दिवाळी रोज ८० खोके जात असतील, तर माल यायला लागणाऱ्या १५ दिवसांना १,२०० लागतील. त्या काळापुरती लाल चिठ्ठी १,२०० वर न्या, आणि दिवाळीच्या शेवटच्या ऑर्डरीआधी पुन्हा खाली आणा.