दीड महिन्याची सुई आणि रात्रीचा ताप

गेल्या महिन्यात रात्री साडेदहा वाजता एका नव्या आईचा फोन आला. "जयभीम ताई, आज बाळाला दीड महिन्याची सुई दिली. सकाळी हसत-खेळत होतं. आता अंग तापलंय, मांडी लाल झालीये, सारखं किरकिर करतंय. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळू या. घरात सगळे मलाच बोलताहेत, चांगल्या लेकराला कशाला टोचलंस म्हणून. माझं काही चुकलं का?"

काही चुकले नव्हते. तिला त्या रात्री जे समजावले, तेच इथे सविस्तर लिहिते. कारण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुया जवळपास प्रत्येक घरात हाच प्रश्न उभा करतात.

डाव्या मांडीत दिली जाणारी ही लस म्हणजे पेन्टा. एकाच सुईत पाच आजारांची लस असते : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, आणि मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा हिब नावाचा जंतू. लसीत जिवंत जंतू नसतो. घटसर्प आणि धनुर्वाताचे जंतू शरीरात विष सोडतात. ते विष औषधाने निकामी करून लसीत घालतात. त्याचा आकार तसाच राहतो, पण मारण्याची ताकद जाते. डांग्या खोकल्याचे जंतू मेलेले असतात. कावीळ आणि हिबच्या जंतूंचे फक्त तुकडे असतात. म्हणून पेन्टा दिल्याने यातला कोणताही आजार होऊ शकत नाही.

मग ताप कशाचा? सुई टोचल्यावर मांडीच्या स्नायूत पहाऱ्यावर असलेल्या पेशी धावून येतात. हे परके काही आले, हे त्यांना लगेच कळते. तिथे रक्तपुरवठा वाढतो, म्हणून मांडी लाल होते, सुजते, दुखते. या पेशी रक्तात इशाऱ्याची रसायने सोडतात. ती मेंदूपर्यंत पोचली की मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. यात मोठा वाटा डांग्या खोकल्याच्या मेलेल्या जंतूंचा असतो. हा ताप बहुधा पहिल्या दिवसातच येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. मीठ-मिरच्या ओवाळल्या तरी उतरतो आणि नाही ओवाळल्या तरी उतरतो. ज्या बाळाला ताप आलाच नाही त्याला लस लागली नाही, असे मात्र समजू नका. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते.

खरे शिक्षण पुढे सुरू होते. पहाऱ्यावरच्या पेशी लसीचे तुकडे उचलून जांघेतल्या लसिका ग्रंथीत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तीच ही ग्रंथी. तिथे लाखो पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीला एकच ठरावीक आकार ओळखता येतो. धनुर्वाताच्या विषाचा आकार ओळखणाऱ्या पेशी त्यात अगदी थोड्या असतात. तुकडा त्यांच्याशी जुळला की त्या जाग्या होतात आणि एकीच्या दोन, दोनच्या चार अशा वाढत जातात. त्यांतल्या काही प्रतिपिंडे तयार करू लागतात. प्रतिपिंडे म्हणजे त्या विषाला चिकटून त्याला निकामी करणारे कण. या कामाला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे आज सुई दिली आणि उद्यापासून बाळ सुरक्षित झाले, असे होत नाही.

"मग एकाच सुईत काम का भागत नाही?" हा तिचा पुढचा प्रश्न होता. पहिल्या डोसानंतर तयार होणारी प्रतिपिंडे थोडी असतात आणि काही आठवड्यांत कमी होतात. पण काही पेशी आठवण धरून मागे राहतात. या काळात ग्रंथीमध्ये निवडही चालू असते : ज्या पेशी त्या आकाराला जास्त घट्ट धरतात त्या टिकतात, बाकीच्या मरतात. या निवडीला वेळ लागतो, म्हणून दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवतात. अडीच महिन्यांना दुसरी सुई मिळाली की या निवडलेल्या पेशी काही दिवसांतच कामाला लागतात आणि आधीपेक्षा पुष्कळ जास्त प्रतिपिंडे बनवतात. साडेतीन महिन्यांना तिसऱ्या वेळी आणखी भर पडते.

तरीही पुढे डीपीटीचे बूस्टर लागतात, 16 ते 24 महिन्यांत एक आणि 5 ते 6 वर्षांत दुसरे. याचे कारण असे की घटसर्प आणि धनुर्वाताचे विष फार लवकर काम करते. पेशींना आठवण येऊन त्या प्रतिपिंडे बनवीपर्यंत उशीर होतो. प्रतिपिंडे रक्तात आधीच तयार हवीत, आणि ती वर्षांगणिक कमी होतात. धनुर्वाताचे विष तर इतक्या थोड्या प्रमाणात जीव घेते की आजारातून वाचलेल्या माणसालाही त्यापासून संरक्षण मिळत नाही. त्यालाही लसच घ्यावी लागते.

लसीची मर्यादाही सांगते. पूर्ण डोस घेतलेल्या एखाद्या मुलालाही पुढे डांग्या खोकला होऊ शकतो, कारण त्याचे संरक्षण काही वर्षांत ओसरते. पण हा आजार सर्वांत घातक असतो तो पहिल्या काही महिन्यांत. इतके लहान बाळ खोकता खोकता श्वास घ्यायचेच थांबते. म्हणून सुरुवात दीड महिन्यालाच करायची, बाळ मोठे होऊ दे म्हणून थांबायचे नाही.

त्या रात्री तिला सांगितले : बाळाला अंगावर पाजत राहा, सैल सुती कपडे घाल, मांडीवर स्वच्छ ओले फडके ठेव. मांडी चोळू नको, हळद किंवा तेल लावू नको. नर्सताईंनी दिलेले पॅरासिटामॉल त्यांनी वजन पाहून सांगितले तेवढेच दे. सुईच्या जागी छोटी, न दुखणारी गाठ काही आठवडे राहू शकते, ती आपोआप जिरते.

पण काही खुणा वेगळ्या असतात. ताप फार चढला किंवा दोन दिवसांनंतरही राहिला, बाळ तीन तासांहून जास्त न थांबता रडले, झटका आला, अंग ढिले पडले, पिणे सोडले, किंवा मांडीची सूज वाढत जाऊन पू झाला, तर थेट दवाखान्यात न्या. सुईनंतर लगेच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही तीव्र ॲलर्जीची खूण असते. ती फार क्वचित होते आणि बहुधा काही मिनिटांतच दिसते. त्यासाठीच अर्धा तास केंद्रावर बसवतात. तो अर्धा तास चुकवू नका.

डोस चुकला, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेल्याने उशीर झाला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पेशींनी धरलेली आठवण पुसली जात नाही. राहिलेला डोस जिथे असाल तिथल्या केंद्रावर घ्या. त्यासाठी कार्ड सोबत हवे, ते पेटीत ठेवून गावाला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा परत फोन आला. ताप उतरला होता, बाळ पीत होते. तिने एकच विचारले : "ताई, अडीच महिन्याची तारीख कार्डावर लिहिलीये. त्या दिवशीही ताप येईल का?" येऊ शकतो, म्हटले. पण आता तो कशाचा आहे, हे तू सासूबाईंनाही सांगू शकशील.