कानातली काळी बुरशी

पावसाळा लागला की कान खाजतो म्हणून येणारे रुग्ण वाढतात. परवा एक शेतकरी आले. पंधरा दिवस उजवा कान खाजत होता, दडा बसला होता. आधी कोमट तेल घातले, मग काडीने कोरले, शेवटी घरात उरलेले अँटिबायोटिकचे थेंब टाकले. खाज वाढतच गेली.

तपासले तर कानाच्या नळीत भिजलेल्या टीपकागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. हा मळ नव्हे, ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. ओलावा आणि खरचटलेली त्वचा तिला मानवते. अँटिबायोटिकने जीवाणू मरतात, बुरशीला उलट रान मोकळे होते.

यावर क्लोट्रिमॅझोलचे एक टक्क्याचे थेंब चांगले. पण लगदा तसाच असेल तर थेंब वरच्या वर राहतात, खालच्या त्वचेपर्यंत पोचतच नाहीत. ‘औषध लागू पडले नाही’ अशी तक्रार बहुधा इथेच उगम पावते. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, डोळ्यांना दिसेल अशा रीतीने, सक्शनने कान साफ करून घ्यावा. पडदा फाटलेला नाही ना, हेही तेव्हाच कळते. फाटलेला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब टाकू नयेत, पिचकारीने पाणी तर मुळीच मारू नये.

या गृहस्थांचा पडदा शाबूत होता. कान आठवड्याच्या अंतराने दोनदा साफ करावा लागला. चौथ्या दिवशी खाज थांबली, तरी थेंब पुरते दोन आठवडे चालू ठेवले. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात. साखरही तपासली, ती ठीक निघाली. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर ती तपासणी टाळू नये.