शुक्रवारचा आकडा आणि आठवड्याचा आकडा

१. दोन ठोक्यांमधलं अंतर कायम थोडं कमी-जास्त होत असतं. त्या चढउताराला एचआरव्ही म्हणतात. छातीच्या पट्ट्याचं अ‍ॅप तो आरएमएसएसडी या नावाने मिलिसेकंदांत दाखवतं. मी उठल्यावर, लघवीला जाऊन येऊन, चहाच्या आधी, पाठीवर पडून मोजतो. बसून घेतलेलं माप वेगळंच येतं, त्यामुळे दोन्ही एका वहीत मिसळत नाही.

२. रोजच्या आकड्यांची मी सरासरी काढतो. ती सातच दिवसांची का? आमच्या घोडेगावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवशी पहाटे तीनला उठणाऱ्याचा आकडा खाली येणारच. सलग कुठलेही सात दिवस घ्या, शुक्रवार त्यात एकदाच येतो. पाच दिवसांची सरासरी काढली तर तो कधी आत, कधी बाहेर राहतो आणि आलेख उगाच हलतो. शुक्रवार मुळातच खाली असतो, म्हणून एकट्या शुक्रवारची तुलना मागच्या शुक्रवारांशीच करावी.

३. आरएमएसएसडीचे आकडे खालच्या बाजूला दाटतात आणि वर लांब पसरतात. त्यासाठी तक्त्यात आधी `=LN(B2)` करून घ्यायचं आणि सगळा हिशेब त्या लॉगवर करायचा.

साधारण दोन महिन्यांच्या नोंदींवरून माझी सरासरी ३.७० निघाली, म्हणजे सुमारे ४० मिलिसेकंद. रोजचं प्रमाण विचलन ०.२०. एका दिवसासाठी मी दोन विचलनांचा पट्टा धरतो : ३.३० ते ४.१०, म्हणजे साधारण २७ ते ६०. सात दिवसांची सरासरी मात्र मुळातच कमी हलते, म्हणून तिचा पट्टा अर्ध्या विचलनाचा, ३.६० ते ३.८०.

आता एका सकाळी ३१ आला. अ‍ॅप लाल रंग दाखवेल, पण ३१ पट्ट्याच्या आत आहे, सोडून द्या. २४ आला, तर लॉग ३.१८, सरासरीपासून अडीच विचलनांहून लांब. हा दिवस खरोखर वेगळा. तरीही बाकीचे सहा दिवस नेहमीसारखे असतील, तर आठवड्याची सरासरी ३.६३ वरच थांबते. त्या दिवशी मी पळायला जात नाही, अंगात कणकण आहे का बघतो, आणि पळण्याचा पुढचा बेत बदलत नाही. बेत बदलायचा तो सरासरी ३.६० च्या खाली उतरून तिथेच राहिली तर.

४. ज्या दिवसाची पारख करायची, तो दिवस पट्टा ठरवताना वगळावा. नाहीतर तोच दिवस पट्टा रुंद करून स्वतःला आत घेतो. शिवाय दोन विचलनांबाहेर वीस दिवसांत एखादा दिवस निव्वळ योगायोगानेही जातो.

५. अचानक ९५ आला तर आनंद नको. मध्येच एक ठोका लवकर पडला किंवा छातीचा पट्टा सरकला, तरी आकडा असाच फुगतो. पट्टा ओला करून पुन्हा मोजावं. ठोके वारंवार चुकतात असं वाटलं, तर वही मिटून डॉक्टरांकडे ईसीजी काढावा. ते निदान या सरासरीतून होत नाही.